दहा पावलांची शर्यत

हिवाळा लागला की आपल्या मंडळांना बालक्रीडा महोत्सवाची आठवण होते. सूचना-फलकावर कागद लागतो, वर्गणी जमते, आणि मग बैठकीत कोणीतरी म्हणते, "लिंबू-चमचा ठेवूया, संगीत खुर्ची ठेवूया, पोत्यातली शर्यत ठेवूया." हे खेळ आठ-दहा वर्षांच्या मुलांचे आहेत. दीड ते सहा वर्षांच्या शिशूंसाठी तेच जसेच्या तसे उचलले, तर रडारड ठरलेली आणि क्वचित इजाही.

दोन वर्षांपूर्वी एका मंडळाच्या अशाच कार्यक्रमाला मी पाहुणी म्हणून गेले होते. पटांगण लहान असल्यामुळे संयोजकांनी दोन गट समोरासमोर उभे करून एकाच शिटीवर धावायला सोडले होते. मध्यावर दोन मुले कपाळाला कपाळ आपटून पडली. सुदैवाने टेंगळावर निभावले. दोष मुलांचा नव्हता. तीन वर्षांच्या मुलाला धावता येते, पण धावता धावता एकदम थांबता किंवा वळता येत नाही, आणि त्याची नजर समोरच्या एकाच वस्तूवर खिळलेली असते. एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी अर्ध्याहून अधिक आखणी आपोआप जुळून येते.

समजा, आपल्याकडे छत्तीस मुले आहेत. त्यांचे वयानुसार तीन गट करावेत: दीड ते तीन, तीन ते चार आणि चार ते सहा वर्षे. दोन-अडीच वर्षांचे मूल दोन्ही पायांनी जागच्या जागी उडी मारते आणि पडलेल्या चेंडूला पाय लावते. तिसऱ्या वर्षी ते क्षणभर एका पायावर उभे राहते. लंगडी मात्र साधारण चौथ्या वर्षानंतरच जमते. चुरस, रांग, आपला पट्टा सोडू नये हा नियम, या गोष्टीही त्याच सुमारास कळू लागतात. म्हणून धाकट्या दोन गटांत पहिला-दुसरा क्रमांक काढूच नये. एका शर्यतीत मधेच बसून वाळलेले पान निरखणारी चिमुरडी मी पाहिली आहे. तिच्या दृष्टीने तीच जिंकली होती.

धावण्याचे अंतर दहा मीटर पुरे. सर्व मुले एकाच दिशेने धावतील, एका वेळी चौघांहून अधिक नाहीत, आणि समाप्तीच्या रेषेपलीकडे किमान चार-पाच मीटर जागा मोकळी असेल, असे पाहावे. तिथे भिंत, पायरी, खुर्च्यांची रांग किंवा बक्षिसांचे टेबल नको, कारण मूल रेषेवर थांबत नाही, रेषेनंतर थांबते. खरे तर ते रेषेकडे धावतच नाही, ओळखीच्या चेहऱ्याकडे धावते. म्हणून आई, वडील किंवा आजोबा यांना रेषेपलीकडे गुडघ्यांवर बसवून हात पसरायला सांगावे. प्रत्येक मुलासमोर त्याचेच माणूस असले की पट्टे आखण्याचीही गरज उरत नाही.

रेषेसाठी चुन्याची भुकटी वापरू नये. ती उडून डोळ्यांत गेली तर डोळा भाजतो. कणकेने रेषा काढल्यास मुंग्या येतात, आणि मग आपल्याच पायांखाली त्यांची हिंसा घडते. गेरू पाण्यात कालवून कुंचल्याने ओढलेली रेषा दोन्ही दृष्टींनी निर्धोक. आदल्या संध्याकाळी उजेड असतानाच पटांगण पायी फिरून पाहावे: खिळे, काचा, दगड, उघडे नळ, मुंग्यांची वारुळे. आपण ज्याला जयणा म्हणतो, तीच दृष्टी इथे मुलांच्याही कामी येते. फरशी असेल तर मुलांचे मोजे काढावेत, कारण मोज्यांनी पाय घसरतो. उन्हाने तापणारी फरशी मात्र अनवाणी पायांना नको.

आता खेळ. सर्वांत धाकट्यांना मोठा, हलका चेंडू टोपलीत टाकू द्यावा. टोपली त्यांच्यापासून हातभर अंतरावर असावी. मधल्या गटासाठी पाच रंगीत कापडी चौकोन जमिनीवर घट्ट चिकटवून "बेडूकउड्या" घ्याव्यात. मोठ्यांना रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मनोरा रचून धावत परत येऊ द्यावे. प्रत्येक गटाला तीन खेळ पुष्कळ झाले, आणि एका खेळाला दहा मिनिटे. फुगे नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला तर श्वासच बंद होतो, आणि तो काढणे फार अवघड जाते. गोट्या, बिया, लहान मणी यांचेही तसेच. तोंडात चमचा किंवा दोरीला टांगलेली जिलेबी घेऊन धावणे या वयात पूर्ण वर्ज्य मानावे.

वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. साडेनऊनंतर ऊन चढते, लहानग्यांची झोप जवळ येते, आणि दुकान उघडण्याची घाई असलेले वडीलही तोवर मोकळे होतात. अष्टमी-चतुर्दशी नसलेला रविवार निवडला, तर खाऊबद्दल कोणाची अडचण होत नाही. खाऊ खेळ संपल्यावर, खाली बसवूनच द्यावा: कोमट शिरा, केळ्याचे काप. शेंगदाण्याची चिक्की, अख्खे काजू-बदाम आणि लाह्या या वयाला नकोत. अख्खी द्राक्षेही नकोत, द्यायचीच तर उभी चिरून. गाळून उकळलेले पाणी गार करून ठेवावे आणि प्रत्येक खेळानंतर दोन घोट पाजावे.

पालकांची कामे नावानिशी वाटून द्यावीत. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटले की कोणाचेच लक्ष राहत नाही. एक जण फाटकावर. मूल ज्याच्यासोबत आले, त्याच्याच हाती परत जाईल, हे त्याने पाहायचे. छातीवर मुलाचे नाव लिहू नये, कारण नाव वाचून अनोळखी माणूसही त्याला ओळखीच्या सुरात हाक मारू शकतो. मनगटाच्या पट्टीवर आतल्या बाजूस पालकांचा दूरध्वनी क्रमांक पुरे. एक जण पाण्यावर, एक प्रथमोपचारावर. आणि एक माणूस केवळ रडणाऱ्या मुलासाठी राखून ठेवावे. हे काम एखाद्या आजीबाईंना द्यावे. मूल खेळायला तयार नसेल, तर ओढून नेऊ नये. त्यांच्या मांडीवर बसून त्याने दुसऱ्यांना टाळ्या वाजवल्या, तरी चालते. भ्रमणध्वनीवर चित्रण करायला एकच जण नेमावा. मुलासोबत मागे मागे पळत चित्रण करणारे वडील दुसऱ्याच्या मुलावर आपटलेले मी पाहिले आहेत.

प्रथमोपचार सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. घशात काही अडकले आणि मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. त्याला आवाजच फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने वस्तू निघाली नाही, तर पाठीमागून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत, आणि पुन्हा थापांकडे यावे. ही रीत एक वर्षावरील मुलांची. दरम्यान दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोके आपटल्यानंतर उलटी होऊ लागली, मूल विलक्षण पेंगू लागले किंवा क्षणभरही बेशुद्ध झाले, तर घरी नेऊन वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

बक्षीस सर्वांना सारखेच असावे. मागच्या खेपेस आम्ही प्रत्येकाला मातीचे लहान कुंडुले आणि तुळशीचे रोप दिले. त्यातली काही रोपे घरी पोहोचेपर्यंतच उपटली गेली होती, मूळ कसे दिसते ते पाहण्यासाठी.