बघावं, पण उघडपणे

माझा भाचा मित्राच्या लग्नात एका मुलीला भेटला. दोघं जेवणाच्या पंगतीत शेजारी बसले, गप्पा रंगल्या, नंबर घेतले गेले. पुढचे चार दिवस व्हॉट्सॲपवर बोलणं चाललं. मग त्यानं मला विचारलं, "मावशी, तिला इन्स्टावर फॉलो करू का? लगेच केलं तर पाळत ठेवतोय असं वाटेल ना?"

मी त्याला म्हटलं, तिला विचारून कर. "तू इन्स्टावर असतेस का? रिक्वेस्ट पाठवू?" एवढी दोन वाक्यं पुरतात. तिचं अकाउंट प्रायव्हेट होतं, म्हणजे आत कोणाला घ्यायचं हे तीच ठरवणार. न सांगता आलेली रिक्वेस्ट तिला कोड्यात टाकते. विचारून आलेल्या रिक्वेस्टला 'हो', 'नको' किंवा 'थोडं थांबूया' असं तिला मोकळेपणानं म्हणता येतं. तिनं बरेच दिवस स्वीकारली नाही, तर ती तशीच राहू द्यावी. मागे घेऊन पुन्हा पाठवली, की तिच्या फोनवर पुन्हा सूचना जाऊ शकते आणि मग तो तगादा ठरतो.

तिनं रिक्वेस्ट स्वीकारली आणि भाच्याचा खरा गोंधळ तिथून सुरू झाला. नवं माणूस आवडलं, की त्याचे जुने फोटो पाहावेसे वाटतात. यात वाईट काही नाही. तुम्ही तिचं प्रोफाइल किती वेळा उघडलं हे इन्स्टाग्राम तिला सांगत नाही. लाइक मात्र लगेच कळतो. तीन वर्षांपूर्वीच्या हंपीच्या फोटोवर रात्री साडेबाराला लाइक पडला, तर आपण केव्हा आणि कुठपर्यंत मागे गेलो होतो हे तिला तेवढ्यावरून समजतं. घाबरून तो लाइक काढला, तरी फोनवर आलेली सूचना तिनं पाहिलेली असू शकते. म्हणून सुरुवातीला लाइक नव्या पोस्टपुरते ठेवावेत, तेही खरंच आवडलेल्या. चुकून जुन्या फोटोवर पडलाच, तर राहू द्यावा आणि सरळ सांगावं, "हंपीचे फोटो बघत बसलो होतो, किती दिवस होतीस तिथे?" सांगितलं, की त्यातली चोरी जाते.

स्टोरीचं गणित वेगळं आहे. कोणी पाहिली याची यादी टाकणाऱ्याला दिसते, त्यामुळे स्टोरी पाहणं हे उघड पाहणंच आहे. ती सगळ्यांनी पाहावी म्हणूनच टाकलेली असते. भाच्याला वाटत होतं, मुद्दाम काही तासांनी पाहावी म्हणजे उतावीळ दिसणार नाही. असा हिशेब ठेवायची गरज नाही. समोर आली की पाहावी. पण आपलं नाव यादीत येऊ नये म्हणून दुसऱ्या अकाउंटवरून किंवा मित्राच्या फोनवरून पाहणं, हे मात्र करू नये. पाळत तिथे सुरू होते, कारण आपण पाहतोय हे तिला कळू नये अशी तजवीज त्यात असते.

कमेंटबद्दल मी त्याला जरा थांबवलं. कमेंट फक्त तिला दिसत नाही. तिची आत्या, ऑफिसातले लोक, कॉलेजचा ग्रुप, सगळे वाचतात. "आज फारच सुंदर दिसतेस" असं तिथे लिहिलं, की "हा कोण गं?" या प्रश्नाचं उत्तर तिला घरी द्यावं लागतं आणि ते कदाचित तिचंही अजून ठरलेलं नसतं. तेच वाक्य स्टोरीला उत्तर म्हणून पाठवलं, तर थेट तिच्या मेसेजमध्ये जातं. नातं चार लोकांत केव्हा आणायचं हे दोघांनी मिळून ठरेपर्यंत कौतुक तिथेच करावं.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे पाहिलेल्याचं पुढे काय करायचं. तिनं सिंहगडाची स्टोरी टाकली होती. "काल सिंहगडावर गेली होतीस ना, पिठलं-भाकरी खाल्लीस की नाही?" हा गप्पांचा धागा झाला. "सोबत कोण होतं? रात्री अकरापर्यंत ऑनलाइन होतीस, मग माझ्या मेसेजला उत्तर का नाही?" ही झडती झाली. दोन्ही ठिकाणी पाहणं सारखंच आहे, पण पहिल्या प्रश्नात तिच्या दिवसाबद्दल कुतूहल आहे आणि दुसऱ्यात तिच्याकडून हिशेब मागितलाय. तिच्या फोटोंवर कोण लाइक करतं, ती कोणाला नव्यानं फॉलो करते, नावाशेजारचा हिरवा ठिपका केव्हा दिसतो, याकडे मन वळू लागलं, तर तिच्या स्टोरी आणि पोस्ट काही दिवस म्यूट कराव्यात. त्याची सूचना तिला जात नाही.

आणि त्या दिवसांत जे विचारायचं असेल ते फोन करून विचारावं. तिचा रविवार कसा गेला हे स्टोरीवरून ताडण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं बरं, कारण किती सांगायचं हे मग तिच्या हातात राहतं.