काम थांबवताना

दिवाळीनंतरच्या सोमवारी मकरपुऱ्यातल्या एका शेठचा फोन आला. "भाई, वसुली अडकली आहे. सॉफ्टवेअरचं काम हमणां बंध राखो." पंपाच्या सुट्या भागांचा त्यांचा धंदा आहे. आमच्याकडे त्यांच्या गोदामाचं सॉफ्टवेअर चालू होतं.

बाबा म्हणाले, "ओळखीतला माणूस आहे, कागदबिगद काढू नकोस." पण ओळख होती म्हणूनच मला कागद हवा होता. "थांबवा" म्हणजे किती दिवस, हे दोघांच्या मनात वेगवेगळं असतं.

काम जीएसटी सोडून चार लाखांचं होतं, एकेक लाखाचे चार टप्पे. आगाऊ घेतलेले ऐंशी हजार प्रत्येक बिलातून वीस-वीस हजार वळते व्हायचे होते. पहिल्या बिलाचे ऐंशी हजार मिळाले होते, दुसरा टप्पा पूर्ण होऊन बिल थकलं होतं, आणि तिसऱ्यातल्या सारख्याच मापाच्या पाचपैकी तीन स्क्रीन चालत होत्या. शेठ म्हणाले, "अर्धवट कामाचे पैसे कसले?" मी तासांचा हिशोब काढलाच नाही. तास आपणच लिहिलेले असतात, त्यावर समोरच्याचा विश्वास का बसावा? लॅपटॉप उघडून त्या तीन स्क्रीनवर त्यांच्याच मुनीमजींना माल आत-बाहेर करून दाखवायला लावलं. जे चाललं ते मोजलं: दोन टप्प्यांचे दोन लाख आणि तीन स्क्रीनचे साठ हजार. त्यातून आगाऊ रक्कम धरून मिळालेले एक लाख साठ हजार वजा. बाकी एक लाख. शेठना दोन हप्ते हवे होते, ते मान्य केलं. चौथ्या टप्प्याचा एक पैसाही मागितला नाही.

त्याच संध्याकाळी कोडवर खूण केली, म्हणजे पैसे कुठपर्यंतचे घेतले याबद्दल पुढे वाद नको:

```
git tag -a pause-1 -m "तीन स्क्रीन पूर्ण"
git push origin pause-1
```

मग एका पानाचा मेल पाठवला. तीन महिन्यांच्या आत सुरू केलं तर जुनाच दर, मात्र पंधरा दिवस आधी सांगायचं, कारण तोवर माझी दोन मुलं दुसऱ्या कामावर गेलेली असतील. त्यानंतर उरलेल्या कामाचा भाव नव्याने. सहा महिने उलटले तर करार संपला. सुरू करताना बारा हजार वेगळे. यावर शेठ जरा चिडले. पण बंद पडलेलं कोड जसंच्या तसं राहत नाही: लायब्ररी जुन्या होतात, आणि आपणच लिहिलेलं पुन्हा वाचून समजायला दोन-तीन दिवस जातात. हे ऐकून त्यांनी दहा हजारांवर तोडलं. सर्व्हरचं भाडं थांबल्या काळातही त्यांच्याच नावावर. ही ओळ मी मागच्या एका कामात विसरलो होतो आणि पाच महिने स्वतःच्या खिशातून भरत बसलो होतो.

शेठनी मेलला "मंजूर" एवढंच उत्तर दिलं. मला तेवढं पुरे होतं.

आता नववा आठवडा चालू आहे. दोन्ही हप्ते आले, सर्व्हरचं बिलही ते वेळेवर भरतात. काम सुरू करायचा फोन मात्र अजून आलेला नाही.