‘बँक’ नव्हे, ‘पतसंस्था’: सातपूरमधील महिलांच्या संस्थेचे नाव कसे असावे?

१/ महिलांची नवी पतसंस्था काढताना एक सल्ला हमखास मिळतो. देवीचे किंवा पुढाऱ्याच्या मातोश्रींचे नाव घ्या आणि फलकावर कुठेतरी ‘बँक’ हा शब्द येऊ द्या. प्रथमच बचत करणाऱ्या स्त्रीला तेवढ्याने भरवसा वाटतो. सातपूरसारख्या कामगार वस्तीत हा सल्ला घातक आहे.

२/ प्रथम ‘बँक’. सहकारी बँक नसलेल्या सहकारी संस्थेला हा शब्द नावात वापरता येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबाबत जाहीर इशारा दिला होता. कारण साधे आहे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नसतो. ‘बँक’ वाचून पैसे ठेवणारी स्त्री नसलेल्या संरक्षणावर विसंबते.

३/ मग ‘मर्यादित’. हा शब्द अनेकींना ‘तुटपुंजे’ असा ऐकू येतो, म्हणून फलकावर तो बारीक अक्षरांत ढकलला जातो. त्याचा इतिहास उलटा आहे. १९०४ च्या सहकार कायद्यात ग्रामीण पतसंस्थांचे दायित्व सर्वसाधारणपणे अमर्यादित होते; संस्था बुडाली तर सभासदाच्या घरादारावर गदा येऊ शके. १९१२ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या संस्थेच्या नावाचा शेवटचा शब्द ‘लिमिटेड’ असावा असे ठरवले. हा शब्द सभासदाला सांगतो की संस्थेच्या कर्जापायी तुझे घर जाणार नाही. मात्र ठेव सुरक्षित आहे, असे तो सांगत नाही.

४/ उरतो नावातला पहिला, मोकळा शब्द. पुण्यात १९७४ साली महिलांच्या बँकेने भगिनी निवेदितांचे नाव घेतले. म्हसवडच्या महिलांनी १९९७ मध्ये ‘माणदेशी’ निवडले. त्यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तकांत निरक्षर स्त्रिया होत्या. त्या अक्षरे शिकून पुन्हा गेल्या. दुष्काळी प्रदेशाचे नाव लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपला पैसा कुठे आहे, हे ते नावच सांगत होते.

५/ आक्षेप येईल की माणदेश ही तिथल्या स्त्रियांची जन्मभूमी आहे, तर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरगावाहून आलेली कुटुंबे पुष्कळ. गावाचे नाव त्यांना आपले कसे वाटेल? पण येथे प्रश्न आपुलकीचा नाही, पत्त्याचा आहे. पैसे अडले तर पासबुक घेऊन कोणत्या दारात उभे राहायचे, हे ‘सातपूर’ सांगते. देवीचे नाव ते सांगत नाही. पुढाऱ्याचे नाव तर संस्थेची पत त्याच्या राजकीय दैवाशी बांधून टाकते.

६/ म्हणून गाव, ‘महिला’, ‘सहकारी पतसंस्था’, ‘मर्यादित’ एवढे पुरे. हे पूर्ण नाव नोंदणी क्रमांकासह फलक, पासबुक आणि पावती यांवर अक्षरशः एकच असावे. पावतीवरून ‘पतसंस्था’ गळलेली दिसली, तर पैसे देण्याआधी कारण विचारावे.

७/ नाव ठेव वाचवत नाही. ते काम लेखापरीक्षण आणि कर्जवसुली यांचे. नावाने खोटे बोलू नये, इतकीच अपेक्षा आहे. मराठीत ‘पत’ म्हणजे उधार मिळण्याची लायकी, तशीच अब्रूही. तो शब्द झाकून ‘बँक’ मिरवणारी संस्था पहिल्याच दिवशी आपली पत घालवते.