चौथ म्हणजे 'टॅक्स' नव्हे : द्वैभाषिक शब्दसूचीतील एका चुकीची किंमत

१/ परदेशी शाळेत शिकणाऱ्या माझ्या भाचीने मराठ्यांच्या इतिहासावरील आपला द्वैभाषिक प्रकल्प मला वाचावयास पाठविला. प्रारंभी शब्दसूची होती : डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. तीत चौथ म्हणजे 'टॅक्स', सरदेशमुखी म्हणजेही 'टॅक्स' आणि स्वराज्य म्हणजे 'होम रूल'. तिन्ही ओळी चूक आहेत, आणि ही चूक केवळ भाषेची नाही.

२/ हे तिन्ही शब्द एकाच प्रसंगी एकत्र येतात. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून बादशाही सनदा घेऊन परतले, त्या तीन बाबींच्या होत्या : स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखी. तिन्ही एकच असत्या, तर तीन वेगळ्या बाबी मागण्याचे कारण काय होते?

३/ स्वराज्याच्या सनदेतील 'स्वराज्य' म्हणजे शिवछत्रपतींच्या मृत्युसमयी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख. तो शाहू महाराजांचा स्वतःचा मुलूख म्हणून मान्य झाला. 'होम रूल' ही टिळकांच्या काळातील, १९१६ ची मागणी आहे. शब्दाचा धागा एकच, पण अर्थात दोन शतकांचे अंतर. १७१९ च्या परिच्छेदात 'होम रूल' लिहिणे म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारात ब्रिटिश पार्लमेंट आणून बसविणे होय.

४/ सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा. तिचा दावा वतनाचा होता : आम्ही दक्षिणेचे सरदेशमुख, म्हणून हा आमचा वंशपरंपरागत हक्क. चौथ म्हणजे चौथा हिस्सा. तो दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून घ्यावयाचा होता, आणि त्याबदल्यात १५,००० स्वार सुभेदाराच्या सेवेस ठेवावयाचे होते. सुभे मात्र मोगलांचेच राहिले.

५/ आता 'टॅक्स' या शब्दाने काय बिघडते ते पाहा. कर राज्यकर्ता आपल्या प्रजेकडून घेतो. भाचीने पुढे लिहिले : 'मराठे दख्खनमध्ये कर घेत होते, म्हणून निजाम त्यांचा अंकित होता.' तर्क निर्दोष, निष्कर्ष चुकीचा. सुभ्याचा कारभार निजामाचा होता; त्याच्या वसुलात दुसऱ्याचा हिस्सा होता. याच दुहेरी हक्कावरून तंटा पेटला, १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी झाली आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याला हा हक्क मान्य करावा लागला. 'टॅक्स' लिहिताच या युद्धाचे कारणच नाहीसे होते.

६/ मग 'ट्रिब्यूट' लिहावे? 'प्रोटेक्शन मनी' लिहावे? येथे खरी मेख आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेच्या पद्धतीशी केली. यदुनाथ सरकारांचे मत उलट : चौथ देणाऱ्याची मराठी फौजेपासून सुटका होई, पण इतरांपासून त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांवर येत नसे. म्हणजे इंग्रजी प्रतिशब्द निवडणे म्हणजे या वादात बाजू घेणे. बाजू अवश्य घ्यावी. पण ती पुराव्यासह निबंधात, शब्दसूचीत गुपचूप नव्हे.

७/ 'परदेशी शिक्षकाला चौथ कसे कळणार?' हा आक्षेप मला मान्य नाही. त्याच वर्गात 'शोगुन', 'सामुराई', 'झार' हे शब्द भाषांतराविना शिकविले जातात. चर्चला द्यावयाच्या दहाव्या हिश्शाला इंग्रजीत 'टाइद' हे स्वतंत्र नाव आहे. आपला दहावा हिस्सा हक्काचा असेल तर त्याला वेगळे नाव, आणि दुसऱ्याचा असेल तर नुसता 'टॅक्स', हा न्याय कोणता?

८/ दोष केवळ परक्यांचा नाही. घरचे वडीलधारे इंग्रजी पुस्तकातील सोपा शब्द उचलतात आणि मराठीतही चौथाईला 'कर' म्हणू लागतात. मग दोन्ही रकाने एकमेकांच्या चुकीला साक्ष देतात. चूक ओळखण्याची कसोटी साधी आहे : उजव्या रकान्यातील शब्द पुन्हा मराठीत आणावा. 'टॅक्स'वरून चौथही येत नाही आणि सरदेशमुखीही. 'कर' तेवढा येतो.

९/ भाचीच्या सूचीत आम्ही केलेला बदल असा. उजवीकडेही 'चौथ' हाच शब्द ठेवला, आणि पुढे एका वाक्यात व्याख्या दिली : दुसऱ्याच्या कारभाराखालील मुलखाच्या वसुलातील चौथा हिस्सा, ज्यावर मराठ्यांनी हक्क सांगितला. स्वराज्यापुढे कंसात १७१९ हे वर्ष घातले. रानडे आणि सरकार यांचा वाद निष्कर्षाच्या परिच्छेदात गेला. सूची चार ओळींनी वाढली. निजामावरील ते वाक्य मात्र तिने स्वतःहून खोडले.