‘कटिंग चाय’ शेवटी!

‘मॉडर्न लव्ह मुंबई’चा (2022) एक भाग बोरिवली-चर्चगेट प्रवासात आरामात संपतो. उद्या कुठला बघायचा? कुठलाही! भाग सहा, दिग्दर्शक सहा, आणि गोष्टींचं मूळ ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सदरात वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या स्वतःच्या अनुभवांत. त्यामुळे ‘रात रानी’ची लालजारी आणि ‘आय लव्ह ठाणे’ची सायबा एकमेकींना ओळखणार कशा?

फक्त ‘कटिंग चाय’ शेवटी ठेवा. त्यात आधीच्या गोष्टींतली माणसं ओझरती दिसून जातात. युक्ती मूळ अमेरिकन मालिकेची (2019). तिथे शेवटच्या भागात मार्गो नावाच्या आजी पावसात धावतात आणि आधीची पात्रं त्यांच्या आसपास दिसत राहतात. मग कळतं, हे सगळे एकाच गावात एकमेकांना घासून जात होते.

मला आवडतं ते हे, की धागा निसटला तरी गोष्ट अडत नाही. अडली असती तर ती डेलीसोप झाली असती (ते घरी आहेच की!). ऑफिसातल्या मैत्रिणीने ‘कटिंग चाय’ आधी बघितला. तिला चित्रांगदा सिंग आणि अर्शद वारसीचं लग्न पूर्ण समजलं. बाकी तिच्या लेखी नुसती गर्दी.