तलावाकाठची फेरी, एका मिनिटात

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आमच्या अक्कांची पनवेलच्या वडाळे तलावावरील सकाळची फेरी बंद पडली. ती त्यांना घरबसल्या घडावी, म्हणून मी चालत चालत मोबाईलवर हायपरलॅप्स चित्रफीत काढली. पहिली फीत पाहून अक्का म्हणाल्या, “बंद कर बाबा, घेरी येते!” चूक कोठे झाली, ते शोधता जे उमगले ते येथे मांडतो.

पहिला दोष वेगाचा. मी तीसपट वेग निवडला होता. आपण ताशी साडेचार किलोमीटर चालतो. तीसपटीने ते एकशे पस्तीस होतात. पायवाटेवरून मोटारगाडी उधळल्याचा भास होतो. आठपटीत तोच वेग छत्तीस, म्हणजे दुचाकीवरून निवांत जाण्याइतका. माझी चाल आठ मिनिटांची. आठपटीत तिची बरोबर एका मिनिटाची फीत झाली आणि झाडे, बाक, माणसे ओळखू येऊ लागली.

दुसरा दोष क्षितिजाचा. चालताना देह दर पावलाला वर-खाली होतो, डावी-उजवीकडे झुकतो. हायपरलॅप्स मधली चित्रे गाळून मोजकीच ठेवते. त्यामुळे एक चित्र पाऊल टेकतानाचे, तर पुढचे देह उचलतानाचे येते आणि मूळचा संथ झोका थरथर होऊन दिसतो. फोन हे सावरतो खरा, पण चित्राच्या कडा कापूनच. म्हणून महत्त्वाची वस्तू कडेला ठेवू नये. कोपरे बरगड्यांशी टेकवून फोन दोन्ही हातांनी आडवा धरावा, गुडघे किंचित सैल ठेवावेत आणि पावले लहान, एकसारखी टाकावीत.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील चौकटरेषा सुरू करून दूरचा एखादा खांब मधोमध धरावा आणि शेवटपर्यंत तेथेच ठेवावा. समोरच्या काठाची पाण्याची रेषाही उपयोगी पडते. पण काठ तिरका दूर जात असेल, तर ती रेषा चित्रात मुळातच कलती दिसते. ती सरळ करू गेल्यास सारे चित्रच कलंडते. माझे तेच झाले होते. अशा वेळी मधल्या खांबाच्या उभ्या रेषेवर विश्वास ठेवावा.

वळणावर विशेष सावध असावे. चार सेकंदांत घेतलेले काटकोनी वळण आठपटीत अर्ध्या सेकंदात फिरते. घेरी तेथेच येते. ते पंधरा-सोळा सेकंद घेऊन पार करावे, अथवा तेथे थांबून नवी फीत सुरू करावी. उजाडल्यावरच निघावे, अंधुक प्रकाशात प्रत्येक चित्र पुसट होते.

दुसरी फीत अक्कांनी तीनदा पाहिली. मग म्हणाल्या, “माझ्या बाकावर आज कोण बसले होते रे?”