एकाच पायाची सूज आणि ‘दोन दिवस बघू’

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. सिझेरियन होऊन बारा दिवस झालेल्या बाळंतिणीचे पाय. डावी पोटरी उजवीपेक्षा उघड जाड आणि घोट्याचं हाड सुजेत बुडालेलं. खाली उत्तरं येतात: ‘बाळंतपणात पाय सुजतातच’, ‘मालिशवाल्या बाईंना सांग, जरा जोर लावा म्हणावं’, ‘पाय उशीवर ठेव, दोन दिवस बघू’. सगळी मायेपोटी दिलेली, आणि या फोटोला एकही लागू न पडणारी.

बाळंतपणात पाय सुजतात हे खरंच आहे. पण अंगात साचलेलं पाणी डावं-उजवं बघत नाही; ते दोन्ही पायांत उतरतं. एकच पाय सुजतो तेव्हा कारण बहुधा त्या पायातच असतं, आणि त्या कारणांपैकी एक म्हणजे खोलवरच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आवरावा म्हणून शरीर रक्ताची गोठण्याची क्षमता वाढवून ठेवतं, आणि ती प्रसूतीनंतर लगेच ओसरत नाही. पुढचे सहा आठवडे म्हणूनच जोखमीचे. त्यात ऑपरेशन झालेलं आणि दिवस अंथरुणात गेलेले. पाय डावा असणं हेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ओटीपोटात डाव्या पायाची मुख्य शीर उजव्या बाजूच्या धमनीखाली दबते, वर गर्भाशयाचा भार येतो. म्हणून गरोदरपणातल्या गुठळ्या बहुतेक डावीकडेच आढळतात.

आक्षेप येतो की फोटोवरून निदान करणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे. स्नायू फाटला, त्वचेखाली जंतुसंसर्ग झाला, गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली, तरी फोटो असाच दिसेल. विदर्भात हत्तीरोगाचाही विचार करावा लागेल. एका पायाच्या सुजेची कित्येक प्रकरणं शेवटी गुठळीची निघत नाहीत. पण फोटो ज्या कारणाने गुठळी सिद्ध करू शकत नाही, त्याच कारणाने ती नाकारूही शकत नाही, आणि ‘काही नाही, बरं होईल’ हेसुद्धा फोटोवरून केलेलं निदानच आहे. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, हे पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. टेपने दोन्ही पोटऱ्या मोजता येतात. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली घेर घ्यायचा. फरक तीन सेंटिमीटरहून जास्त असेल तर संशय बळावतो. मात्र फरक दोनच निघाला म्हणून घरी बसायला परवानगी मिळत नाही.

मग घाई कसली? पायातली गुठळी पायातच राहिली असती तर दोन दिवस थांबणं चाललं असतं. पण तिचा तुकडा सुटला की तो हृदयाच्या उजव्या भागातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. लहान तुकड्याने धाप लागते, मोठ्याने जीव जातो. पोटरीतल्या काही गुठळ्या आपोआप विरतात, पण कोणती विरेल आणि कोणती वर सरकेल हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच मालिश लगेच थांबवायची. परंपरेशी माझं भांडण नाही. रगडण्याने गुठळी सुटू शकते, एवढंच.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं, तेही सांगतो, कारण ‘उगाच शंभर टेस्ट करतील’ ही भीती खोटी आहे. मुख्य तपासणी एकच: पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. तपासणारा शिरेवर हलका दाब देतो. निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी इतरांमध्ये कमी जोखमीच्या रुग्णाची गुठळी वगळायला उपयोगी पडते, पण प्रसूतीनंतर ती तशीही वाढलेली असते, म्हणून या बाईंच्या बाबतीत थेट सोनोग्राफीच बरी. सोनोग्राफीला उशीर होणार असेल आणि संशय दाट असेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून डॉक्टर रक्त पातळ करणारं औषध आधीच सुरू करतात. पहिली तपासणी नॉर्मल येऊनही संशय उरला, तर आठवड्याभरात ती पुन्हा करतात.

शेवटचा आक्षेप सासूबाईंचा असतो: ‘बाळ अंगावर पितंय, असली औषधं कशी चालतील?’ हेपॅरिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिनच्या गोळ्या स्तनपानात चालतात. काही नव्या गोळ्या टाळतात, म्हणून आपण बाळाला पाजतो हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. उपचार साधारण तीन महिने तरी चालतो. घरातली ॲस्पिरिन किंवा लघवी वाढवणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि फोटो पाठवणारीने ‘जरा दमही लागतोय’, ‘छातीत टोचतंय’ असं लिहिलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा ती चक्कर येऊन पडली, तर ग्रुपवर उत्तर टाइप करण्याआधी 108 ला फोन लावायचा.